रविवारचा ब्लॉक आणि चेन्नईची लोकल

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास चेन्नईच्या मांबलम स्थानकावर दोन प्रकारचे लोक दिसतात. टी. नगरच्या बाजारात खरेदीला आलेली मंडळी गाडीतून उतरून स्कायवॉकची वाट धरतात. फलाटावर उरलेले प्रवासी मात्र उद्घोषणेकडे कान लावून असतात: तांबरमकडची गाडी येणार का, आली तर कुठपर्यंत जाणार? मुंबईच्या वाचकाला हे दृश्य नवं नाही. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक हे तिथले शब्द शनिवारच्या वर्तमानपत्रात पंचांगासारखे ठरलेल्या जागी छापून येतात. चेन्नईत त्याला ‘लाइन ब्लॉक’ म्हणतात, आणि सामान्य माणूस ‘आज मिन्सार रयिल नाही’ एवढंच म्हणतो. मिन्सार रयिल म्हणजे विजेची गाडी, आपली लोकल.

दोन्ही शहरांचं दुखणं एकच असलं तरी चेन्नईतला ब्लॉक मुंबईच्या सवयीने वाचायला गेलं तर फसगत होते. मुंबईत बहुतेकदा धीम्या मार्गावरच्या गाड्या जलद मार्गावर वळवतात. काही स्थानकं वगळली जातात, पण गाडी धावते. चेन्नईत गाडी रद्द होण्याचं किंवा अर्ध्यावर थांबवण्याचं प्रमाण अधिक दिसतं. हा फरक कुठून येतो, हे समजलं की ब्लॉकभोवतीच्या वादाचा मोठा भाग उलगडतो.

रूळ किती आणि फलाट कुठे

चेन्नईचं उपनगरी जाळं दक्षिण रेल्वेच्या चेन्नई विभागाकडे आहे. दक्षिणेला चेन्नई बीच ते तांबरम आणि पुढे चेंगलपट्टू, पश्चिमेला सेंट्रलहून अरक्कोणम, उत्तरेला सेंट्रलहून गुम्मिडिपूंडी आणि सुलूरपेटा, शिवाय बीच ते वेलाचेरी ही बऱ्याच अंशी उन्नत असलेली एमआरटीएस. या शेवटच्या मार्गाला लोक ‘परक्कुम रयिल’, म्हणजे उडती गाडी म्हणतात.

यांत सर्वात जुनी आणि गजबजलेली वाट दक्षिणेची. बीच–तांबरम मार्गावर १९३१ साली विजेची गाडी आली तेव्हा ती मीटरगेज होती. मुंबईत पहिली विजेची गाडी १९२५ ची, म्हणजे मद्रास फक्त सहा वर्षं मागे. मीटरगेजची शेवटची लोकल धावली ती मात्र २००४ मध्ये. आज ज्या पट्ट्यात ब्लॉक घेतले जातात, तिथली रचना बऱ्याच अंशी या जुन्या आखणीवर चढवलेली आहे. एग्मोर ते तांबरम चार रूळमार्ग आहेत, दोन लोकलचे आणि दोन लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. तांबरम ते चेंगलपट्टू तिसरा मार्ग टप्प्याटप्प्याने पूर्ण झाला. बीच ते एग्मोर या सव्वाचार किलोमीटरच्या छोट्या तुकड्यात मात्र अलीकडेपर्यंत तीनच मार्ग होते. उत्तरेला अत्तिपट्टूच्या पुढे तर दोनच आहेत.

आता प्रश्न असा की चार मार्ग असलेल्या पट्ट्यात दोन बंद ठेवले, तर लोकल उरलेल्या दोन मार्गांवर का नेत नाहीत? काही गाड्या नेतातही. अडचण फलाटांची आहे. मांबलम, तांबरम अशा ठिकाणी एक्स्प्रेसच्या मार्गांनाही फलाट आहेत, पण मधल्या अनेक छोट्या स्थानकांवर फलाट फक्त लोकलच्या मार्गांना आहेत. वळवलेली गाडी तिथून शिट्टी देत निघून जाते. दुसरी अडचण म्हणजे, ते दोन मार्ग रिकामे नसतात. एग्मोर आणि तांबरमहून दक्षिण तमिळनाडूकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची ती एकमेव वाट आहे.

उत्तरेच्या दोन मार्गांवर तर वळवायला जागाच नसते. एक मार्ग बंद झाला की उरलेल्या एकाच रुळावरून दोन्ही दिशांची वाहतूक आळीपाळीने सोडावी लागते. त्याच मार्गाने कोलकाता, दिल्ली, विजयवाडा या दिशांच्या गाड्या जातात आणि मालगाड्याही. एकदा एक्स्प्रेस आणि मालगाडीला वाट दिली की लोकलला उरते ती रद्द होण्याची किंवा मीनजूर, पोन्नेरीसारख्या ठिकाणाहून मागे फिरण्याची पाळी. म्हणूनच उत्तर मार्गावर रविवार सोडूनही, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी ब्लॉक घेतले जातात. तिथे मोकळा दिवस असा नसतोच.

चार तासांत काम किती होतं

कोडंबाक्कम ते तांबरम या पट्ट्यात २०२४ च्या सुरुवातीला रविवारी सकाळी अकरा ते दुपारी सव्वातीनच्या सुमारास ब्लॉक घेतले गेले. एकेका रविवारी बीच–तांबरम दरम्यानच्या चाळीसहून अधिक फेऱ्या रद्द होत होत्या. वेळापत्रकात हा ब्लॉक सव्वाचार तासांचा. रुळावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात मात्र तेवढा वेळ येत नाही.

ब्लॉकची सुरुवात घड्याळाने होत नाही, शेवटची गाडी पट्ट्यातून बाहेर पडल्यावर होते. ती उशिरा असेल तर ब्लॉकही उशिरा लागतो. मग नियंत्रण कक्षाची परवानगी येते आणि दोन्ही टोकांचे स्टेशन मास्तर आपसांत नोंद करून मार्ग बंद करतात. वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो. तारेजवळचं काम असेल तर पुरवठा तोडावा लागतो आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडावी लागते, कारण पुरवठा तोडल्यावरही शेजारच्या तारेमुळे त्यात धोकादायक दाब येऊ शकतो. त्यानंतर यंत्रं जागेवर जातात. परतीलाही हाच क्रम उलटा करावा लागतो: यंत्रं बाहेर, रुळांची तपासणी, मग तारेत वीज आणि शेवटी पहिली गाडी, तीही बहुतेकदा कमी वेगाने. दोन्ही टोकांना अर्धा-पाऊण तास गेला, तर कामासाठी जेमतेम तीन तास उरतात.

या तीन तासांत काय बसतं, ते कामावर ठरतं. रुळांखालची खडी दाबून रूळ समपातळीत आणणारं टॅम्पिंग यंत्र तासाला साधारण किलोमीटरभर पुढे जातं. त्यामुळे हे काम ब्लॉकमध्ये सहज मावतं. खडी उपसून, चाळून, माती वेगळी करून परत टाकणारं यंत्र मात्र तासाला शे-दोनशे मीटरच सरकतं. शिवाय खडी चाळली की रुळाखालचा थर सैल होतो. पहिल्या दिवशी गाड्यांना अगदी कमी वेग ठरवून देतात आणि तो टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. पूर्ववत व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. रविवारचा ब्लॉक संपला तरी सोमवारी गाड्या पाच-दहा मिनिटं रेंगाळतात, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. ‘काल काम केलं, तरी आज उशीर?’ या प्रवाशाच्या तक्रारीत तथ्य आहे, पण उशीर कामचुकारपणाचा नसून झालेल्या कामाचाच असतो.

सांधे बदलणं हे आणखी वेगळं प्रकरण. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते तो सांधा दोन्ही मार्गांना जोडलेला असतो, त्यामुळे काम एका मार्गाचं असलं तरी बंद दोन्ही राहतात. वरच्या तारांचंही तसंच. दोन मार्गांच्या तारा एरवी वेगवेगळ्या बंद करता येतात, पण जिथे मार्ग एकमेकांना छेदतात तिथे दोन्हींची वीज काढावी लागते. चार मार्ग असूनही कधी कधी चारही गप्प पडतात, ते अशा जागी.

देखभाल आणि बांधकाम

प्रवाशांच्या बोलण्यात सगळेच ब्लॉक ‘मेंटेनन्स’चे असतात. पण असलेला मार्ग ठीक ठेवण्यासाठी घेतलेला ब्लॉक आणि नवा मार्ग किंवा नवं यार्ड जोडण्यासाठी घेतलेला ब्लॉक यांत मोठा फरक आहे. पहिला काही तासांत संपतो. दुसरा रविवारात मावत नाही, आणि चेन्नईकरांचा खरा संताप झाला तो दुसऱ्या प्रकारावर.

जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये तांबरमच्या यार्डाची फेररचना झाली. यार्डातले मार्ग बदलले की सिग्नल आणि सांधे यांची परस्पर बांधणी, म्हणजे इंटरलॉकिंग, तोडून नव्याने करावी लागते. चुकीचा सांधा लागलेला असताना हिरवा सिग्नल पडू नये, याची हमी ही बांधणी देते. ती सुटलेल्या काळात माणसं हाताने सांधे लावून, कुलूप घालून, झेंडे दाखवून गाड्या सोडतात. एरवी तासाला जितक्या गाड्या सुटतात त्याच्या थोड्याच अशा पद्धतीने सोडता येतात. ऑगस्टच्या सुरुवातीपासून पल्लावरम ते गुडुवांचेरी या मधल्या पट्ट्यात ठरावीक वेळांना लोकल बंद ठेवल्या, दोन्ही बाजूंना तुकड्यातुकड्यांनी चालवल्या, आणि महानगर परिवहन महामंडळाने जादा बस सोडल्या. काम १४ ऑगस्टला संपायचं होतं, ते १८ पर्यंत लांबलं. तांबरमला लोकलची कारशेडही आहे, ही गोष्ट इथे विसरता येत नाही. यार्डात हालचाल अडली की शेडमधून गाडीच बाहेर येत नाही. मग ब्लॉक तांबरमला असला तरी बीचवरची फेरी गळते.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. बीच–एग्मोर दरम्यान चौथा मार्ग टाकायचा होता. जागा अरुंद, आणि एमआरटीएसचा मार्ग त्याच्या अगदी शेजारून. २७ ऑगस्ट २०२३ पासून परक्कुम रयिल बीचऐवजी चिंताद्रिपेटहूनच सुटू लागली. काम सात महिन्यांत होईल असं सांगितलं होतं. बीचपर्यंतची गाडी पुन्हा सुरू झाली ती २९ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे चौदा महिन्यांनी. नकाशावर पाहिलं तर बीच, फोर्ट आणि पार्क टाउन ही तीनच स्थानकं गेली. पण ही तीन गेल्याने वेलाचेरीच्या बाजूने येणाऱ्याला सेंट्रलची आणि तांबरम मार्गाची जोडणी तुटली. चिंताद्रिपेटला उतरून बस किंवा रिक्षा करण्याची सवय लोकांना लावून घ्यावी लागली. २० मिनिटांचा प्रवास ४० मिनिटांचा झाला की माणूस दुचाकी घेतो, आणि एकदा घेतलेली दुचाकी तो सहसा विकत नाही.

९ मार्च २०२५ च्या रविवारचा ब्लॉक या दोन टोकांच्या मधला होता. अभियांत्रिकी कामासाठी पहाटे पाचनंतर ते दुपारी चारनंतरपर्यंत दक्षिण मार्गाचा शहरातला भाग बंद राहिला आणि कोडंबाक्कमच्या पलीकडे विशेष गाड्या चालवल्या. तीन-तीन तासांचे चार तुकडे करण्यापेक्षा सलग अकरा तास, असा तो हिशेब.

कोण काय म्हणतं

या हिशेबावरच खरा वाद आहे, आणि त्यात तीन बाजू दिसतात.

रुळांची जबाबदारी असलेल्या अभियंत्यांना सलग आणि लांब ब्लॉक हवा असतो. ब्लॉक लहान असला की तयारी आणि आवराआवरीचा वेळ दर वेळी वाया जातो. हे गणित साधं आहे: चार तासांच्या दोन ब्लॉकमध्ये मिळून सहा तास काम होत असेल, तर आठ तासांच्या एका ब्लॉकमध्ये सातच्या आसपास होतं. वाहतूक सांभाळणाऱ्यांना मात्र लांब ब्लॉक नको असतो, कारण एका ठिकाणी साचलेल्या गाड्या पुढच्या सहा-आठ तासांचं वेळापत्रक बिघडवतात. ही रस्सीखेच रेल्वेच्या आतलीच आहे आणि जुनी आहे. ती नियमांत बसवण्यासाठी २०२३ च्या अखेरीस रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत ‘रोलिंग ब्लॉक’ची तरतूद आली; तिच्यानुसार देखभाल, दुरुस्ती आणि बदलीची कामं ५२ आठवडे आधीपर्यंत आखायची असतात.

तिसरी बाजू प्रवाशांची. रविवारी कार्यालयं बंद, म्हणून गर्दी कमी, हे ब्लॉकमागचं गृहीतक. पण रविवारीच टी. नगर भरतं, लग्नं असतात, सरकारी नोकरीच्या परीक्षा आणि वैद्यकीय प्रवेशाची परीक्षाही रविवारीच असते. दुकानांतले कामगार, रुग्णालयातल्या परिचारिका, घरकामाला जाणाऱ्या बायका यांना रविवार नसतोच. गर्दी कमी असते हे खरं; पण जी असते तिला दुसरा परवडणारा पर्याय कमी असतो. बीच ते तांबरम लोकलचं तिकीट १० रुपये आहे. तेवढ्यात मेट्रोचा निम्माही प्रवास होत नाही.

मग रात्री का नाही? हा सूर दोन्ही शहरांत निघतो. चेन्नईची शेवटची लोकल मध्यरात्रीच्या सुमारास आणि पहिली पहाटे चारच्या आसपास, म्हणजे लोकलचे मार्ग चारेक तास मोकळे असतात. रात्रीचं काम होतंही. पण दिव्यांच्या उजेडात रुळातली बारीक चीर किंवा सैल पट्टी दिसण्याला मर्यादा आहेत, थकव्याने चुका वाढतात, आणि शेजारच्या मार्गावरून पहाटे एग्मोरला पोहोचणाऱ्या गाड्या भरधाव जात असतात.

रात्रीच्या बाजूने एक मुद्दा मात्र फारसा चर्चेत येत नाही, आणि तो चेन्नईच्या हवेशी जोडलेला आहे. आजचे रूळ लांबच लांब जोडलेले असतात. तापले की त्यांना पसरायला जागा नसते आणि तो ताण खडी धरून ठेवते. म्हणूनच रुळाचं तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की खडीला हात लावायला मनाई आहे, नाहीतर रूळ बाजूला फुगून वाकू शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी बारा वाजता चेन्नईतला रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. म्हणजे दुपारच्या ब्लॉकला सोयीचे महिने उरतात ते वर्षाच्या सुरुवातीचे आणि पावसाळ्याआधीचे थोडे. खडीची कामं उन्हाळ्यात पहाटेकडे सरकवावीत आणि दुपारचे ब्लॉक तारा व सिग्नलसाठी ठेवावेत, हा तोडगा ऐकायला सोपा वाटतो. पण एकाच ब्लॉकमध्ये तिन्ही खात्यांनी कामं उरकावीत हा रेल्वेचा आग्रह त्याच्या आड येतो, आणि तो आग्रहही अवाजवी नाही.

सूचना वाचायची कशी

प्रवाशाच्या दृष्टीने पाहिलं तर सूचनेतली वेळ ही दुसरी गोष्ट आहे. पहिली गोष्ट जागा. ब्लॉक कोणत्या दोन स्थानकांमध्ये आहे ते आधी पाहावं, मग आपला प्रवास त्या पट्ट्यातून जातो का, आणि गाडी मागे फिरण्याची जागा आपल्या स्थानकाच्या अलीकडे आहे की पलीकडे.

वेळेचा घोळ असा होतो. ब्लॉक कोडंबाक्कमपासून पुढे अकरा वाजता लागणार असेल, तर बीचहून पावणेअकराला सुटणारी गाडी ब्लॉकआधीची वाटते. पण बीच ते कोडंबाक्कम वीसेक मिनिटांचा प्रवास आहे, म्हणजे ती पट्ट्यात शिरणार ब्लॉक लागल्यावर. ती रद्द होते. सूचनेतल्या यादीत गाडीच्या सुटण्याची वेळ असते आणि मथळ्यात ब्लॉकची; प्रवासी मथळा वाचून घराबाहेर पडतो. ब्लॉक संपल्यावरही पहिल्या अर्ध्या तासातली गाडी धरू नये, कारण डबे तेव्हा चुकीच्या टोकाला असतात.

सूचनेत रद्द, अंशतः रद्द आणि विशेष पॅसेंजर असे तीन प्रकार दिसतात. यांतल्या ‘अंशतः रद्द’कडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. गाडी येते, माणूस बसतो आणि तांबरमला उतरवला जातो. शिवाय रविवारचं वेळापत्रक मुळातच वेगळं आणि विरळ असतं, आणि काही सार्वजनिक सुट्ट्यांनाही तेच लागू होतं. त्या दिवशी न आलेली गाडी ब्लॉकमुळेच गेली असेल असं नाही.

समजा, मरैमलै नगरमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाला अशा रविवारी दुपारी दोनच्या सुमारास सेंट्रलहून गाडी पकडायची आहे, सोबत सामान आहे आणि ब्लॉक कोडंबाक्कम–तांबरम आहे. एरवी ते लोकलने थेट पार्क स्थानकाला उतरून समोरच्या सेंट्रलला गेले असते. आता तांबरमपर्यंत लोकल मिळेल, पुढे नाही. तांबरमपासून विमानतळापर्यंत दहाएक किलोमीटरवर मेट्रो नाही. विमानतळापलीकडे किलंबाक्कमपर्यंतचा विस्तार अजून कागदावरच आहे. या दहा किलोमीटरांसाठी जीएसटी रोडवरची बस हाच आधार, आणि ब्लॉकच्या दिवशी तिथे गर्दी उसळते. विमानतळाहून मेट्रो थेट सेंट्रलला पोहोचते, पाऊण तासाच्या आत. सगळा हिशेब धरला तर साडेदहाच्या आत घर सोडणं बरं. त्याहून बरं म्हणजे नऊच्या आधीची लोकल धरून ब्लॉकपूर्वीच पार्कला उतरणं आणि साडेतीन-चार तास सेंट्रलच्या प्रतीक्षालयात काढणं. कंटाळवाणं, पण स्वस्तात आणि बिनघोर.

मांबलमहून निघणाऱ्याला पर्याय अधिक. स्थानकापासून टी. नगर बस स्थानकापर्यंतचा स्कायवॉक मे २०२३ मध्ये खुला झाला, त्यामुळे सामानासह रस्ता ओलांडायला लागत नाही. गिंडी आणि सेंट थॉमस माउंट इथे लोकलशेजारी मेट्रो आहे. उत्तर मार्गावर मात्र यातलं काहीच नाही. विम्को नगरपर्यंत मेट्रो जाते, पण पोन्नेरी, गुम्मिडिपूंडीच्या प्रवाशाला तिचा उपयोग शेवटच्या टप्प्यातच. तिथे बसचं वेळापत्रक आदल्या दिवशीच विचारून ठेवावं लागतं.

जे अजून सुटलेलं नाही

नियमात ५२ आठवड्यांचं नियोजन आलं, पण प्रवाशाच्या हातात सूचना पडते ती बहुतेकदा दोन-तीन दिवस आधी. यामागे रेल्वेची बाजूही आहे: यंत्र बिघडलं, साहित्य आलं नाही, तर ब्लॉक पुढे ढकलावा लागतो, आणि महिनाभर आधी जाहीर केलेला ब्लॉक रद्द झाला तर गोंधळ वाढतो. तरीही ‘या महिन्यात या पट्ट्यात रविवारी काम होण्याची शक्यता’ एवढं सांगता येईल का, यावर एकमत नाही.

बसचा प्रश्नही लोंबकळतोय. रेल्वे केंद्राची आणि बस राज्याची. ब्लॉकच्या दिवशी जादा बस सुटतात, पण रेल्वेचा मासिक पास त्यांत चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चेन्नई वन’ या ॲपवर बस, मेट्रो आणि लोकल यांचं तिकीट एकत्र काढण्याची सोय झाली. मात्र ज्याने महिन्याचे पैसे आधीच भरलेत, त्याला ब्लॉकच्या रविवारी वेगळं तिकीट का काढावं लागतं, या प्रश्नाला त्या ॲपने हात घातलेला नाही.

बीच–एग्मोरचा चौथा मार्ग तयार झाल्याने उत्तरेकडून एग्मोरला येणाऱ्या गाड्यांची लोकलच्या मार्गांवरची घुसखोरी कमी होईल, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे रविवारच्या ब्लॉकमध्ये लोकल वळवायला खरोखर जागा मिळते का, हे त्या पट्ट्यातल्या पुढच्या काही ब्लॉकच्या याद्यांवरून दिसेल. रद्द झालेल्या फेऱ्यांची संख्या उतरून वळवलेल्यांची वाढली, तर चेन्नईचा ब्लॉक मुंबईच्या वळणाला लागला असं म्हणता येईल. अत्तिपट्टूपलीकडच्या प्रवाशाला मात्र त्यासाठी आपल्या तिसऱ्या-चौथ्या मार्गाची वाट पाहावी लागेल, आणि ते रूळ टाकतानाही ब्लॉक घ्यावे लागणारच आहेत.